रिसेल फ्लॅट विकताना भाव कमी करताय? या चुका टाळा

माझ्या मावसभावाने कोथरूडचा टू बीएचके विकला. मागणी 92 लाख, आणि 86 च्या खाली जायचं नाही असं घरात पक्कं ठरलेलं. गेला 84 ला. मार्केट पडलं होतं असं नाही, गिऱ्हाईकही चांगलं होतं, लोन सँक्शन झालेलं, फक्त भाव कधी आणि कितीने सोडला तिथे गडबड झाली. त्याच्या परवानगीने सगळं लिहितोय.

चूक 1: समोरच्याने आकडा सांगायच्या आधीच कमी करणं

रविवारी फ्लॅट बघून झाला, रात्री फोन आला, "दादा, थोडं कमी होईल का?" आणि हा लगेच म्हणाला, "चला, 90 करू." समोरच्याने अजून स्वतःचा आकडा तोंडातून काढलेला नाही आणि 2 लाख गेले. नंतर कळलं की ते 80 सांगायच्या तयारीने आले होते, पण एका वाक्यात 2 लाख सुटतात हे बघून त्यांनी 78 सांगितले. 92 आणि 80 चा मध्य 86 येतो, 90 आणि 78 चा 84. घासाघीस बहुतेक वेळा मधे कुठेतरीच येऊन थांबते, म्हणजे त्याचा सौदा पहिल्याच फोनवर 2 लाखांनी खाली सरकला होता. "थोडं कमी होईल का" ला उत्तर एवढंच, "तुमच्या मनात किती आहे ते सांगा, मग बोलू."

चूक 2: दरवेळी सारखीच उडी

92, मग 90, मग 88, मग 86. दरवेळी बरोब्बर 2 लाख. समोरचा हे मोजत असतो हो, आणि त्याला दिसतं की अजून एकदा नाही म्हटलं की अजून 2 सुटतील, मग तो का थांबेल? आकडा किती यापेक्षा उडी लहान होत जाते का यावरून माणूस अंदाज बांधतो की आता तळ आला.

त्याच फ्लॅटला मी असं केलं असतं: 92 वरून 89, मग 87.5, मग 86.8, मग 86.5. उड्या 3 लाख, दीड लाख, 70 हजार, 30 हजार. एकूण सोडले साडेपाच लाख, म्हणजे कंजूषपणा नाही, पहिली उडी तर त्याच्यापेक्षा मोठी, पण शेवटचे 30 हजार ऐकल्यावर समोरच्याला कळतं की इथे आता काही उरलं नाही. उलट पहिल्यांदा 25 हजार सोडून नंतर एकदम 3 लाख सोडले तर तो समजतो की तुम्ही घाबरलात.

चूक 3: वेळ

88 वरून 86 ला तो दहा मिनिटांत आला, त्याच फोनवर. झटपट सुटलेला पैसा समोरच्याला पैसा वाटतच नाही, त्याला वाटतं आपणच कमी मागितलं. घरी बोलून उद्या सांगतो म्हणा, आणि खरंच घरी बोला.

पुढची चूक याहून मोठी. समोरचे 80 वर येऊन पाच दिवस गप्प बसले. ह्याला धीर धरवेना, स्वतःच फोन केला, "85 ला देऊन टाकतो." समोरून काहीही न येता दोनदा खाली येणं म्हणजे स्वतःशीच बोली लावणं. फोन करायचाच असेल तर कागद तयार आहेत, सोसायटीचं पत्र आलंय एवढंच सांगा, भावाचं नाव काढू नका. समोरच्यांनी त्या फोनवर 84 शेवटचे म्हटलं आणि झालं.

आणि अ‍ॅग्रीमेंटच्या दिवशी, रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाहेर, "ट्रान्स्फर प्रीमियम तुम्ही भरा ना." फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती ही रक्कम, महापालिका हद्दीत ती जास्तीत जास्त 25,000 असते, रक्कम लहान, म्हणून हा हो म्हणाला. त्यावर लगेच "मग दोन्ही एसी पण राहू द्या." अशा वेळी बदल्यात काहीतरी मागायचं, प्रीमियम मी भरतो पण बाकी रक्कम ठरल्यापेक्षा पंधरा दिवस आधी द्या. बऱ्याचदा मागणीच मागे घेतली जाते.

सारख्या उड्या मारून झाल्या असतील तर

भाव तिथेच थांबवा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि पुढची सूट पैशात देऊ नका. ताबा लवकर, मॉड्युलर किचन, पार्किंगची शेड असलं काहीतरी, आणि तेही अटीवर. पण एकदा "फायनल" म्हणालात तर त्याखाली जाऊ नका, नाहीतर पुढचा प्रत्येक फायनल तो हसून ऐकेल. आणि मागणीच वाजवीपेक्षा जास्त असेल तर यातलं काही कामाला येत नाही, शेजारच्या बिल्डिंगमधल्या सौद्यांचे नोंदणीचे उतारे, म्हणजे इंडेक्स टू, काढून समोरचा आधीच भाव बघून आलेला असतो.