हापूस ऑनलाइन विकताय? प्रॉडक्ट पेजवरच्या या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की माझ्याकडे आंबेवाल्यांचे फोन सुरू होतात. कुणाची रत्नागिरीत बाग आहे, कुणी देवगडहून माल उचलून पुण्यात विकतो. मी त्यांच्यासाठी वेबसाइटची पानं लिहिते. जवळजवळ प्रत्येकाची पहिली मागणी एकच असते: "ताई, विश्वास वाटेल असं काहीतरी टाका. ते गोल गोल बिल्ले असतात ना, तसले."

बिल्ले टाकायला पाच मिनिटं लागतात, आणि घाई असलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं. पण अडीच हजारांची पेटी मागवणारा ग्राहक आधी कधीतरी फसलेला असतो. कर्नाटकातला आंबा कोकणचा म्हणून त्याला विकला गेलेला असतो, नाहीतर पेटीतली निम्मी फळं टाकून द्यावी लागलेली असतात. तो पानावर शोधतो ते असं काही, जे त्याला स्वतःला पडताळून बघता येईल.

हमीची मुदत दोष दिसण्याआधीच संपते

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिते.

चार वर्षांपूर्वी एका बागायतदाराचं पान माझ्याकडे दुरुस्तीला आलं. आंबा उत्तम, माणूस सरळ. पानावर मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के समाधानाची हमी' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'तक्रार डिलिव्हरीनंतर २४ तासांत कळवावी'. ही ओळ त्यांनी कपडे विकणाऱ्या कुठल्यातरी साइटवरून जशीच्या तशी उचलली होती.

आता आंब्याचा हिशोब बघा. कुरियरने जाणारा हापूस चौदा आणे तयार झाल्यावर उतरवतात आणि पेटीत हिरवा भरतात. घरी पोचल्यावर तो पिकायला साधारण पाच ते आठ दिवस घेतो. हापूसचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे साका. बाठ्याजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस होतो. बाहेरून फळ अगदी देखणं असतं. बागायतदाराला कळत नाही, आढीवाल्याला कळत नाही, कापल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणजे ग्राहकाला साका दिसणार सहाव्या-सातव्या दिवशी, आणि हमी संपणार दुसऱ्या दिवशी.

त्या हंगामात एप्रिलअखेर उन्हाचा कडाका होता आणि साका बराच निघाला. लोकांनी कापलेल्या फळांचे फोटो पाठवले. बागायतदाराच्या मुलाने प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, '२४ तास उलटून गेले.' नागपूरच्या एका बाईंनी पानाखालीच लिहिलं की आंबा पिकायच्या आत कापून बघायचा होता का? त्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्यांचं लिहिणं वाचून आणखी लोकांनी आपापले फोटो टाकले आणि ऐन अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात ऑर्डरी आटल्या. बागायतदार मला म्हणाले, "अहो, मी कुणाला फसवलेलं नाही, साका माझ्या हातात नाही." ते खरंच होतं. पण पानाने त्यांच्या नावावर एक अशी हमी दिली होती, जी कधी लागूच होऊ शकत नव्हती.

आम्ही ती ओळ काढली आणि हे लिहिलं:

'साका, सड किंवा फळमाशी निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पेटीवरच्या क्रमांकासह डिलिव्हरीपासून १० दिवसांत व्हॉट्सअॅपवर पाठवा. जितकी फळं खराब, तितक्या फळांचे पैसे परत. फळ परत पाठवायची गरज नाही. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवल्याने खराब झाल्यास पैसे मिळणार नाहीत.'

शेवटचं वाक्य आवर्जून ठेवलं. थंडीत कच्चं फळ नीट पिकत नाही, साल काळवंडते, आणि ही चूक शहरातली मंडळी खूप करतात. कुठे पैसे मिळणार नाहीत हे आधीच सांगितलेली हमी ग्राहकाला खरी वाटते, असा माझा अनुभव आहे.

बागायतदारांना भीती होती की सगळेच पैसे मागतील. तेव्हा कागदावर आकडे मांडले. दोन डझनाची पेटी २,४०० रुपयांना, म्हणजे एक फळ १०० रुपयांचं. १०० पेट्या गेल्या तर २,४०० फळं आणि २ लाख ४० हजारांची विक्री. समजा विसातलं एक फळ खराब निघालं आणि झाडून सगळ्यांनी पैसे मागितले, तर १२० फळांचे १२,००० रुपये. तेवढी रक्कम हंगामाआधीच बाजूला काढायची, किंवा फळामागे पाच-सहा रुपये भावात धरायचे. हा हिशोब केल्याशिवाय मी आता कुणाच्याही पानावर 'हमी' हा शब्द लिहीत नाही. आणि हिशोब करायला वेळ नाही म्हणणाऱ्याला सांगते, मग हमीच देऊ नका. नुसता आंबा विका.

दुसऱ्याचं प्रमाणपत्र आपल्या पानावर

दुसरी लाडकी चूक जीआयची. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला आहे. बातमी आल्यापासून जो तो 'जीआय प्रमाणित' असा बिल्ला लावतो. कुणीकुणी तर इंटरनेटवरून प्रमाणपत्राचा फोटो उतरवून लावतात. एका पानावर मी तो मोठा करून वाचला, तर त्यावर एका संस्थेचं नाव होतं. विकणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

मानांकन त्या प्रदेशातल्या मालाला मिळतं. ते नाव आणि चिन्ह वापरायचा अधिकार हवा असेल, तर बागायतदाराने किंवा विक्रेत्याने स्वतःच्या नावाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते. ती चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे होते आणि त्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं. ते असेल तर त्यावरचं नाव आणि क्रमांक पानावर मजकूर म्हणून लिहा, म्हणजे ग्राहकाला शोधता येईल. स्वतः बागायतदार नसाल तर कुणाच्या बागेचा माल आहे आणि त्यांची नोंदणी आहे का, हे लिहा. यातलं काहीच नसेल तर बिल्ला काढा आणि गावाचं नाव, कलमांचं वय, तोडणीची तारीख लिहा. तेवढ्यावरही आंबा विकला जातो, मी पाहिलंय.

देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर लावायचे यूआयडी स्टिकर आणले, ते मला याच कारणाने आवडले. स्टिकर फळावर असतो आणि तो खरा की खोटा हे ग्राहक स्वतः व्हॉट्सअॅपवर तपासू शकतो. तुमच्या फळांवर तो असेल तर पानावर स्टिकर लावलेल्या फळाचा जवळून काढलेला फोटो द्या आणि तपासायचं कसं ते दोन ओळींत सांगा. नुसतं 'ओरिजनल देवगड' लिहिलंत तर स्टिकरचा फायदा वाया गेला.

एफएसएसएआयच्या बाबतीतही हाच गोंधळ. 'एफएसएसएआय प्रमाणित आंबा' असं काही नसतं. तो १४ आकडी क्रमांक तुमच्या व्यवसायाचा असतो, फळाच्या दर्जाबद्दल तो काहीच सांगत नाही. सुरुवातीला १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. क्रमांक पूर्ण लिहा. foscos.fssai.gov.in वर तो टाकला की तुमचं नाव, पत्ता आणि मुदत दिसते. पान चालू करण्याआधी मी स्वतः तिथे जाऊन बघते, आणि मुदत संपलेले क्रमांक मला अनेकदा सापडलेत. चुलत्याच्या दुकानाचा क्रमांक 'तात्पुरता' लावणारेही भेटलेत. तसं करू नका. पत्ता जुळला नाही की ग्राहक पुढचं काही वाचत नाही.

अभिप्राय पेटी उघडायच्या आत मागवलेले

इथेही साक्यासारखीच दिवसांची गफलत होते. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिलिव्हरी झाली की अभिप्रायाचा मेसेज आपोआप जातो. आंबा अजून हिरवा असतो. मग लोक लिहितात, 'पॅकिंग छान, वेळेवर मिळाला', आणि पाच तारे देतात. असे साठ अभिप्राय असले तरी चवीबद्दल त्यात अक्षर नसतं. मी तो मेसेज नवव्या दिवसावर ठेवते आणि एकच प्रश्न विचारते: किती दिवसांत पिकला आणि किती फळं खराब निघाली? उत्तरं कमी येतात, पण 'सहाव्या दिवशी पिकला, चोवीसपैकी एकात साका, पैसे दुसऱ्या दिवशी मिळाले' असं एक उत्तर हमीलाच पुरावा होतं.

अभिप्रायाबरोबर हंगामाचं वर्ष दिसू द्या. गेल्या साली मोहोर चांगला होता म्हणून यंदाचं फळ चांगलं असेल असं नाही, आणि ग्राहकाला हे कळतं. वाईट अभिप्राय पुसू नका. खाली उत्तर द्या, फळांचा आकडा आणि परत केलेली रक्कम लिहा. घरच्यांकडून किंवा स्वतः ग्राहक बनून लिहू नका. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सरळ मनाई आहे.

बाकीच्या थोडक्यात

'कार्बाइडमुक्त' हा बिल्ला. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे नुसत्या या शब्दाने तुमचं वेगळेपण दिसत नाही. पिकवता कसे ते सांगा: गवताच्या आढीत, की इथिलीनच्या खोलीत. इथिलीनला ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे. ते लपवून 'नैसर्गिक' लिहिणाऱ्यांचं काम मी घेत नाही.

'फक्त ३ पेट्या शिल्लक' असं खोटं घड्याळ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा खोट्या घाईला नाव देऊन मनाई केली आहे. शिवाय दुसऱ्या दिवशी पान उघडणाऱ्याला पुन्हा तीनच पेट्या दिसतात.

वजन न सांगता 'मोठा', 'जंबो' लिहिणं. एका फळाचं कमीत कमी वजन ग्रॅममध्ये लिहा आणि काट्यावर ठेवलेल्या फळाचा फोटो लावा.

तक्रारीसाठी नुसता ईमेल देणं. आंब्याचा ग्राहक सुरी हातात असतानाच फोटो काढतो, त्याला व्हॉट्सअॅप नंबर लागतो. त्या नंबरवर मे महिन्यात उत्तर कोण देणार, हे मी पान लिहायला घेण्याआधीच विचारून घेते.