दाढदुखीच्या गोळ्या आणि अंगावरचं दूध: या चुका टाळा

दाढ काढून आलेली बाळंतीण मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठी ठेवते, तेव्हा सोबत आलेल्या सासूचा किंवा आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गोळ्या संपेपर्यंत अंगावर पाजायचं बंद करायचं नव्हे?" खानापूर, नंदगड, जांबोटी, कुठूनही आलेली असो, प्रश्न तोच. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. पण ते सरसकट 'नाही' नसतं, म्हणून चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचावं लागतं. दाढेची चिठ्ठी समजावून सांगायला सोपी आहे, कारण तिच्यात तीन-चार स्वभावाची औषधं एकत्र आलेली असतात.

पहिली चूक: 'दुधात उतरतं' ऐकलं की दूध बंद

आईच्या रक्तातलं जवळपास प्रत्येक औषध थोडंफार दुधात येतंच. त्यामुळे 'उतरतं का' हा प्रश्नच कामाचा नाही. किती उतरतं, त्यातलं बाळाच्या पोटातून रक्तात किती जातं आणि तेवढं त्या वयाच्या बाळाला बाधतं का, हे बघायचं.

उलट पाच दिवस पाजायचं बंद केलं तर काय होतं ते घरातल्या बायकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. छाती दाटते, गाठी येतात, ताप चढतो, दूध आटायला लागतं. मग वरचं दूध सुरू होतं आणि बाटलीची सवय लागलेलं बाळ परत अंगाला लागायला कुरकुरतं. एका इबुप्रोफेनच्या पट्टीसाठी एवढं सोसण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक: औषधाचा स्वभाव न बघता सगळ्या वेदनाशामकांना एका माळेत ओवणं

इबुप्रोफेनचं उदाहरण घ्या. त्याचा रेणू लहान आहे, आणि लहान रेणू दुधात सहज शिरतो असा नियम सांगतात. तरी हे औषध दुधात अगदी नगण्य सापडतं, कारण रक्तातल्या इबुप्रोफेनपैकी 99 टक्क्यांहून जास्त भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतो. दुधाकडे जाऊ शकतो तो फक्त मोकळा भाग, आणि तो मुळात उरतोच नावापुरता. शिवाय हे आम्लधर्मी औषध आहे. रक्ताच्या पीएचला, म्हणजे 7.4 ला, त्याचे रेणू जवळजवळ सगळे विद्युतभारित असतात आणि असे रेणू पेशींचे स्निग्ध पडदे सहज ओलांडत नाहीत. वर त्याचं अर्धायुष्य जेमतेम दोन तासांचं, म्हणजे दर दोन तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं.

ट्रामाडॉल नेमकं उलट्या स्वभावाचं. प्रथिनाला चिकटतो तो फक्त पाचवा हिस्सा, बाकीचं मोकळं. ते अल्कधर्मी आहे आणि दूध रक्तापेक्षा किंचित आम्ल असतं. रक्तातून विनाभार आलेला रेणू दुधात येऊन भारित होतो आणि परत फिरताना अडकतो. अर्धायुष्य सुमारे सहा तास. आणि यकृतात त्याचं जे रूपांतर होतं, ते मूळ औषधापेक्षा जास्त जोरदार असतं.

म्हणजे प्रथिनाला घट्ट चिकटणारं, आम्लधर्मी, रक्तातून लवकर ओसरणारं आणि शरीरात गेल्यावर आणखी जोरदार काही न बनणारं औषध पाजणाऱ्या आईला बरं. एक गुण आणखी आहे: काही औषधं दुधात आली तरी बाळाच्या आतड्यातून रक्तात जातच नाहीत. इन्सुलिन हे त्याचं ठळक उदाहरण, ते पोटातच पचून जातं. डायबेटीस असलेल्या आईने त्याची धास्ती घेऊ नये.

तिसरी चूक: हिशेब न करता घाबरणं

समजा आईचं वजन 50 किलो, बाळ पाच आठवड्यांचं आणि 4 किलोचं. दाताच्या डॉक्टरांनी इबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलंय. म्हणजे आईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम, तिच्या वजनाच्या हिशेबाने किलोमागे 24.

आता बाळ. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला किलोमागे साधारण 150 मिलिलिटर दूध पितं असं धरतात. आपलं बाळ 600 मिलिलिटर पिईल. या प्रमाणात इबुप्रोफेन घेणाऱ्या आयांच्या दुधात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्याही खाली सापडलंय. आपण हात सैल सोडून पुरतं 1 धरू. तरी बाळाच्या पोटात दिवसभरात जातं 0.6 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे 0.15. आईच्या 24 शी तुलना केली तर 0.6 टक्के. याला सापेक्ष शिशुमात्रा म्हणतात आणि ती 10 टक्क्यांच्या खाली असेल तर सर्वसाधारणपणे चालतं असं मानतात. थोड्या मोठ्या बाळांना तापासाठी हेच औषध थेट पाजतात ते एका वेळी किलोमागे 5 ते 10 मिलिग्रॅम. त्यापुढे 0.15 काहीच नाही.

आता त्याच चिठ्ठीतली मेट्रोनिडाझोल 400, तीही दिवसातून तीनदा. दाढेला पू असेल तर ही गोळी अमॉक्सिसिलिनच्या जोडीला हमखास असते. ती प्रथिनाला फारशी चिकटत नाही, त्यामुळे दुधात जवळजवळ रक्ताइतकीच येते. या डोसला दुधात लिटरमागे 15 मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. तोच हिशेब केला तर बाळाला किलोमागे सव्वादोन मिलिग्रॅम, म्हणजे 10 टक्क्यांच्या अगदी काठावर. तरीही आजारी तान्ह्या बाळांना हे औषध थेट देतात तेव्हा डोस याच्या कितीतरी पट असतो. म्हणून पाच दिवसांच्या कोर्ससाठी दूध तोडायची गरज नसते. बाळाला पातळ शी होईल, तोंडात पांढरा थर येईल, दूध थोडं कडवट लागल्याने ते तोंड फिरवेल, एवढ्यावर लक्ष ठेवायचं. अमॉक्सिसिलिन दुधात फारच थोडं येतं, त्यामुळे त्याची काळजी त्याहून कमी.

दूध आणि रक्तातल्या प्रमाणाचं गुणोत्तर बघून औषध ठरवणारे लोक इथेच फसतात. गुणोत्तर 1 म्हणजे बाळाला आईएवढा डोस मिळाला, असं होत नाही. आईच्या रक्तातच औषध थोडं असेल तर दुधातही थोडंच असणार.

चौथी चूक: ट्रामाडॉल लपलेली पट्टी

माझ्या मते दाढेच्या चिठ्ठीत खरी भीती या एकाच गोळीची. पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉलची जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. घरात मात्र तिला 'पॅरासिटामॉलचीच थोडी कडक गोळी' म्हणतात. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचली की दुसरं नाव दिसतं. कोडीनचंही तसंच, ते काही खोकल्याच्या सिरपमध्ये असतं.

गंमत अशी की ट्रामाडॉलची सापेक्ष शिशुमात्रा, रूपांतरित औषध धरूनही, सुमारे 3 टक्केच भरते. मग भीती का? ते 3 टक्के सरासरी आईचे आहेत. काही बायकांच्या यकृतातलं सीवायपी2डी6 हे एन्झाइम जन्मतःच फार वेगाने चालतं. त्यांच्यात ट्रामाडॉलपासून बनणारं जोरदार रूप जास्त तयार होतं, कोडीनपासून मॉर्फिन जास्त बनतं. कोणाचं एन्झाइम कसलं ते तोंडावरून कळत नाही. टोरोंटोमधल्या एका 13 दिवसांच्या बाळाच्या मृत्यूचा दोष कोडीनला देणारा अहवाल 2006 मध्ये आला. त्या अहवालावर पुढे तज्ज्ञांनी गंभीर शंका घेतल्या, पण तान्ह्या बाळांना येणाऱ्या सुस्तीचा प्रश्न त्यामुळे मिटला नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2017 मध्ये पाजणाऱ्या आयांनी कोडीन आणि ट्रामाडॉल घेऊ नये असा इशारा दिला. 10 टक्क्यांची रेघ झोप आणणाऱ्या औषधाला डोळे मिटून लावायची नाही, ती याचसाठी.

अशी गोळी आधीच घेतली असेल तर बाळाकडे बघा. नेहमी दोन-तीन तासांनी जागं होणारं बाळ उठवूनही उठत नाही, छातीला लावलं तरी चोखत नाही, अंग सैल पडतं, श्वास संथ किंवा अडखळत चालतो, लंगोट ओले होणं कमी होतं, ही लक्षणं आहेत. खुद्द आईलाच गुंगी येत असेल तर तेही धोक्याचं चिन्ह. गोळी लगेच थांबवा. श्वास किंवा जाग यात फरक वाटत असेल तर सकाळची वाट न बघता 108 लावा आणि पट्टी सोबत न्या. 'बाळ आज किती शांत झोपलंय' असं कौतुक चालू असतं, तेव्हाच आईच्या गोळीची चौकशी केलेली बरी.

चिठ्ठीत ही गोळी दिसली की मी एवढंच सांगतो: "मावशी, डॉक्टरांना परत फोन लावा, सून अंगावर पाजते म्हणावं." बहुतेक डॉक्टर लगेच बदलून देतात, कारण ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. दाढ काढल्यावरचं दुखणं पॅरासिटामॉल आणि इबुप्रोफेन वेळच्या वेळी घेतलं तर बहुधा आटोक्यात येतं. अल्सर, किडनीचा त्रास किंवा अशा गोळ्यांनी दमा उठत असेल तर इबुप्रोफेन नको, पण ती आईची अडचण आहे, दुधाची नव्हे.

पाचवी चूक: दूध पिळून फेकलं की औषध गेलं असं समजणं

दूध म्हणजे औषध साठून राहणारी टाकी नव्हे. आईच्या रक्तातलं प्रमाण उतरलं की दुधातलं औषध परत रक्ताकडे जातं. म्हणून पिळून फेकल्याने औषध लवकर संपत नाही, दूध मात्र वाया जातं. दाटलेली छाती मोकळी करायला पिळायचं असेल तर ती गोष्ट वेगळी.

गोळीची वेळ साधून थोडा फायदा होतो, पण तो कमी अर्धायुष्याच्या औषधाला. पाजून झाल्याबरोबर इबुप्रोफेन घेतलं तर पुढच्या पाजण्यापर्यंत रक्तातल्या प्रमाणाचं शिखर ओसरू लागलेलं असतं. दिवस-दिवस अंगात राहणाऱ्या औषधाला ही युक्ती लागू पडत नाही.

सहावी चूक: बाळाचं वय न सांगणं

आईच्या औषधाचा दुधातून त्रास झाल्याच्या नोंदी बहुतांश दोन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या आहेत. त्यांचं यकृत आणि मूत्रपिंड अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं, म्हणून थोडं थोडं औषध साचत जातं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला धोका आणखी. वर्षाचं बाळ भात-वरण खातं आणि दूध अधूनमधून पितं, त्याचा हिशेब अगदीच निराळा. तेव्हा डॉक्टरला नुसतं 'पाजते' म्हणू नका. किती आठवड्यांचं, किती किलोचं, दिवस पुरे भरले होते का, फक्त अंगावर की वरचंही, एवढं चिठ्ठी लिहायच्या आधी सांगा.

आणि दाढेसोबत सर्दी झाली म्हणून स्युडोएफेड्रिन असलेली गोळी मागून घेऊ नका. ती बाळाला फारसं काही करत नाही, पण एकाच डोसने आईचं दूध घटल्याचं आढळलं आहे. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वाफ पुरते.