यूट्यूब पार्टनर प्रोग्रामचा अर्ज: ‘In Progress’ ते मंजुरी

यूट्यूब स्टुडिओतल्या ‘Earn’ या विभागात अर्ज केला की समोर तीन पायऱ्या दिसतात: अटी मान्य करणे, अ‍ॅडसेन्स खातं जोडणे आणि चॅनेलची तपासणी. पहिल्या दोन तुमच्या हातात आहेत. त्या पूर्ण झाल्या की तिथे ‘Done’ दिसतं आणि मगच तिसरी सुरू होते. अर्ज अडकल्यासारखा वाटला तर आधी दुसरी पायरी बघा. अ‍ॅडसेन्स जोडायचं राहिलं असेल तर तपासणीच्या रांगेत तुमचा नंबरच लागलेला नसतो.

तिसऱ्या पायरीवर ‘In Progress’ म्हणजे चॅनेल रांगेत आहे किंवा तपासलं जातंय. निर्णयाला साधारण महिनाभर लागतो. अर्ज जास्त आले तर आणखीही. घाई करायला कोणतंही बटण नाही. तपासणारे प्रत्येक व्हिडिओ बघत बसत नाहीत. चॅनेलचा मुख्य विषय, सगळ्यात जास्त पाहिलेले आणि सगळ्यात नवे व्हिडिओ, ज्यांवर पाहण्याचा सर्वाधिक वेळ गेला ते व्हिडिओ, शिवाय शीर्षकं, थंबनेल आणि चॅनेलची माहिती यांवर त्यांचा भर असतो. त्यामुळे कुठूनतरी उचललेला जुना व्हिडिओच सर्वात जास्त चालला असेल, तर नवे पन्नास चांगले असूनही अर्ज तिथेच अडकू शकतो.

नकार आला तर कारणही कळतं. नेहमीचं कारण म्हणजे ‘Reused content’: दुसऱ्याचं साहित्य, त्यात स्वतःची भर जवळजवळ नाही. कॉपीराइटचा दावा आलेला नसला तरी हा शेरा बसतो. मूळ मालकाची परवानगी असली तरीही बसतो. लोकांची गफलत होते ती इथेच.

समजा, 1 जुलैला नकार आला. अपील करायला 21 दिवस, म्हणजे 22 जुलैपर्यंत मुदत. त्यावर उत्तर साधारण 14 दिवसांत येतं. अपील करायचं नसेल तर चॅनेल सुधारून 30 दिवसांनी, म्हणजे 31 जुलैपासून पुन्हा अर्ज करता येतो. दुसऱ्यांदा नकार आला तर मात्र 90 दिवस थांबावं लागतं. अपील करणार असाल तर वादातले व्हिडिओ घाईघाईने उडवू नका. निर्णय चुकीचा होता हे दाखवायला तेच लागतात.

मंजुरी आली म्हणजे जाहिराती सुरू झाल्या, असंही नाही. 500 सबस्क्रायबरच्या टप्प्यावर मंजुरी मिळाली असेल तर मेंबरशिप, सुपर चॅट अशा प्रेक्षकांकडून येणाऱ्या पैशांचीच सोय उघडते. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी 1,000 सबस्क्रायबर हवेत, आणि सोबत गेल्या 12 महिन्यांत सार्वजनिक व्हिडिओंचा 4,000 तास वॉच टाइम किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. तो टप्पा गाठल्यावरही ‘Earn’मध्ये जाऊन जाहिरातींच्या अटी वेगळ्या मान्य कराव्या लागतात. लांब व्हिडिओंच्या अटी निराळ्या, शॉर्ट्सच्या निराळ्या. मान्य करण्याआधी आलेल्या व्ह्यूजचे पैसे मागाहून मिळत नाहीत, म्हणून मंजुरीचा मेल आला की त्याच दिवशी हे उरकून टाका.