ताळेबंदातून उधारीचे खरे दिवस कसे काढावेत

साठ्याचे दिवस सोपे आहेत. साठ्याची रक्कम घ्या, तिला विकलेल्या मालाच्या खर्चाने भागा आणि ३६५ ने गुणा. साठा २४ कोटी आणि खर्च ९० कोटी असेल, तर ९७ दिवस. इथे खर्चाऐवजी विक्री धरू नका. साठा खरेदीच्या भावाने मांडलेला असतो आणि विक्रीत नफा मिसळलेला असतो, त्यामुळे दिवस उगाच कमी दिसतात. पुरवठादारांची देणीही याच खर्चाने भागायची; ती १५ कोटी असली, तर ६१ दिवस.

खरी अडचण उधारीत आहे. सगळीकडे एकच सूत्र सांगतात: येणी भागिले वार्षिक विक्री, गुणिले ३६५. हे सूत्र वर्षभर विक्री सारखी झाली असे गृहीत धरते आणि तशी ती क्वचितच होते. वर्षाची विक्री १२० कोटी आणि अखेरची येणी ३० कोटी असली, तर उत्तर ९१ दिवस येते. त्यावरून ग्राहक तीन महिने पैसे देत नाहीत, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

मी नेहमी उलटे मोजतो. शेवटच्या महिन्याची विक्री १८ कोटी होती. ती ३० मधून वजा केली की १२ उरले आणि ३० दिवस झाले. त्याआधीच्या महिन्याची विक्री १२ कोटी, म्हणजे आणखी ३० दिवस आणि येणी संपली. उधारी ६० दिवसांची निघाली. वसुली ठीक आहे, विक्री वर्षाच्या शेवटी एकवटली आहे. याउलट शेवटचे पाच महिने दरमहा ६ कोटींचेच असते, तर त्याच ३० कोटींचे १५० दिवस झाले असते. सूत्राने दोन्हीकडे ९१ च सांगितले असते! महिन्यांचे आकडे नसतील तर तिमाहीचे घ्या, तेही पुरतात. येण्यांत ग्राहकाकडून घ्यायचा जीएसटी धरलेला असतो, विक्रीत तो नसतो. कर मोठा असेल तर आधी तो वजा करा.

मात्र उलट मोजणीत जुनी बिले आधी वसूल झाली असे मानलेले असते. म्हणून टिपांमधली येण्यांची वयवारी उघडाच. तिथे सहा महिन्यांवरची रक्कम मोठी असेल, तर ६० दिवस विसरा. काही ग्राहक वेळेवर देत आहेत आणि काही देतच नाहीत. शेवटच्या महिन्यातली उडीही तपासा. पुढच्या तिमाहीत विक्री कोसळली किंवा माल परत आला, तर तो वितरकांच्या गळ्यात मारलेला होता.

आता बेरीज: साठ्याचे ९७ अधिक उधारीचे ६० वजा देण्यांचे ६१, म्हणजे पैसा ९६ दिवस अडकतो. हा आकडा त्याच कंपनीच्या मागच्या चार-पाच वर्षांशी ताडून पाहा. येणी एकाएकी घटली असतील, तर ती बँकेला विकली आहेत का, हे संभाव्य देण्यांच्या टिपेत शोधा. विकलेली रक्कम येण्यांत परत जोडून मोजणी पुन्हा करा.