गोष्ट लक्षात राहते, वचन राहत नाही, तेव्हा

लूक १५:३-७, हरवलेल्या मेंढराचा दाखला. उपदेशक सांगतो: गणपतीच्या गर्दीत लक्ष्मी रोडवर माझा मुलगा हात सुटून हरवला. धावपळ, पोलीस चौकी, शेवटी मूल सापडलं. सहा मिनिटं गेली. उपासनेनंतर मंडळी विचारतात, "मुलगा नेमका कुठे सापडला?" वचन कुणालाच आठवत नाही.

इथे चूक गोष्टीच्या लांबीची कमी, वजनाची जास्त आहे. शास्त्रभागात शोधाला एक वचन आहे. पाचव्यापासून सातव्यापर्यंत सगळा आनंद. गोष्टीत मात्र भीतीच भरली. म्हणून आधी वचनाचा मुद्दा एका वाक्यात लिहा: 'सापडल्याचा आनंद शोधणारा एकटा ठेवत नाही.' मग गोष्ट मूल सापडल्यापासूनच सुरू करा. शेजाऱ्यांना फोन, चाळीत वाटलेले पेढे, बस. दीड मिनिट पुरतं. पोलीस चौकी गाळा, कितीही रंगतदार असली तरी.

आणखी एक अडचण सहज नजरेतून सुटते. अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांत परूशी व शास्त्री कुरकुर करतात. दाखला त्यांना उद्देशून आहे. बाप म्हणून स्वतःची गोष्ट सांगितली की उपदेशक नकळत मेंढपाळाच्या जागी बसतो. पेढा घेताना 'एवढा काय गाजावाजा?' म्हणणारा शेजारी गोष्टीत आणा, म्हणजे ऐकणाऱ्याला आपली जागा दिसते.

गोष्ट संपताच, टिप्पणी न करता, सहावं वचन पुन्हा वाचा. मूल आता मोठं असेल तर त्याची परवानगी आदल्या आठवड्यातच घ्या. रविवारी सकाळी विचारलं तर त्याला नाही म्हणता येत नाही.