‘पासून’ने मला दोनदा पाडलं

डिचोलीहून पणजीला कदंब बसने मुलाखतीला जाताना मी एक वाक्य घोकत होतो: ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स.’ मुलाखतीत समोरच्या मॅडमनी ते ऐकून विचारलं, ‘सिन्स व्हेन?’ त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून मी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. नोकरी गेली. आजही आठवलं की कान तापतात.

वाक्यात दोन चुका होत्या. काम तीन वर्षांपूर्वी सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन वर्किंग’ हवं. ही चूक तुम्हाला शाळेतच सांगितली असेल, पुढे जाऊ. दुसरी चूक खरी चिवट. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो आणि ‘तीन वर्षं’ हा क्षण नव्हे, लांबी आहे. लांबी सांगितली की ‘फॉर’: ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर थ्री इयर्स.’ मॅडम तो क्षणच विचारत होत्या!

आपण इथे फसतो, कारण मराठी ‘पासून’ दोन्हीकडे चालतं. ‘तीन वर्षांपासून’ही बरोबर, ‘२०१९पासून’ही बरोबर.

मग एका शिकवणीच्या सरांनी मंत्र दिला, आकडा दिसला की ‘फॉर’. असले मंत्र देणाऱ्यांपासून लांब राहा, मी स्पष्ट सांगतो. पुढे कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनवर लागलो. संध्याकाळी सातला एक पाहुणा म्हणाला, एसी ‘सिन्स टू’ गळतोय. आकडा बघून मी त्याचं इंग्रजी ‘सुधारलं’ आणि लॉगबुकात लिहिलं, ‘फॉर टू अवर्स’. तो दुपारच्या दोनबद्दल बोलत होता! पाच तासांची तक्रार मी दोन तासांची करून ठेवली आणि रात्रपाळीवाल्यानं शिव्या खाल्ल्या.

त्यानंतर मी मराठीतूनच तपासतो. ‘पासून’ काढून ‘झाली’ किंवा ‘झाले’ घालायचं. ‘तीन वर्षं झाली, मी इथे काम करतोय’, छान बसतं, म्हणजे ‘फॉर’. ‘दोन तास झाले, एसी गळतोय’, इथेही ‘फॉर’. पण ‘२०१९ झालं, मी काम करतोय’ असं कुणी बोलतं का? तिथे ‘सिन्स’. ‘लहानपण झालं, मी पोहतोय’ हेही विचित्रच, म्हणून ‘सिन्स चाइल्डहूड’. घाबरू नका, आठवडाभरात हे जिभेवर बसतं.

फक्त ‘गेल्या’ शब्द आला की थांबा. ‘गेल्या तीन वर्षांपासून’ हे ‘फॉर द लास्ट थ्री इयर्स’, कारण लांबी तशीच आहे. ‘सिन्स लास्ट थ्री इयर्स’ आपल्याकडे ऑफिसांत सर्रास ऐकाल, तरी ते चूकच. ‘गेल्या वर्षापासून’ मात्र ‘सिन्स लास्ट इयर’, कारण तिथे सुरुवात सांगितली आहे.

लॉगबुकात मी आता ‘सिन्स टू पीएम’ असंच लिहितो. ‘फॉर फाइव्ह अवर्स’ही व्याकरणानं बरोबर आहे, पण रात्रपाळीवाला नऊला वाचतो तोवर त्या पाचाचे सात झालेले असतात.