कॉलबॅकची वेळ देण्याआधी रोस्टर बघा

नंबर परत वाचून घ्या, तक्रार क्रमांक टाका. एवढं सगळ्यांना येतं. ग्राहकाला वेळ देण्याआधी मात्र रोस्टर उघडा आणि त्या वेळी आपण ड्यूटीवर आहोत का, ते बघा. बहुतेक डायलरमध्ये कॉलबॅक एकतर एजंटच्या स्वतःच्या नावावर लागतो किंवा पूर्ण क्यूवर. स्वतःच्या नावावर लावलेला कॉलबॅक तुम्ही लॉगआउट असताना कोणाकडेच वाजत नाही. यादीत तो ‘पेंडिंग’ म्हणून शांत पडून राहतो आणि ग्राहक फोनकडे बघत बसतो.

समजा, इंदूरच्या मराठी डेस्कवरून नागपूरच्या बाईंना रिफंडसाठी परवा साडेसहाची वेळ दिली. तुमची शिफ्ट सहाला संपते. शिवाय परवा रंगपंचमी, म्हणजे राजवाड्याकडे गेरची मिरवणूक आणि इकडे निम्मी माणसं सुट्टीवर. नागपूरच्या बाईंना याच्याशी काय देणंघेणं? म्हणून अशा वेळी कॉलबॅक क्यूवर टाका किंवा रोस्टर बघून बदली माणसाचं नाव लिहा. तो मराठी बोलणारा हवा, नाहीतर बाईंना सगळं पहिल्यापासून हिंदीत सांगावं लागेल. नोंदीत ‘कस्टमर को कॉल करना है’ एवढंच लिहू नका. काय कबूल केलं, बँकेचा संदर्भ क्रमांक आला का, नसेल तर कोणाकडून यायचाय, हे लिहा. पुन्हा सांगतो, आधी रोस्टर.

टीम लीडरने पेंडिंग यादी शिफ्टच्या सुरुवातीला, जेवणानंतर आणि शिफ्ट संपायच्या तासभर आधी बघावी. ती कबूल केलेल्या वेळेनुसार लावा, नोंद केलेल्या तारखेनुसार नाही. नाहीतर आजचे साडेसहाचे कॉल तिसऱ्या पानावर जातात. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न: हा माणूस त्या वेळी लॉगिन असेल का? नसेल तर तिथल्या तिथे नाव बदला. ‘उद्या बघू’ चालणार नाही, उद्या त्याचा वीकली ऑफ असतो.

माहिती हातात आली नसली तरी दिलेल्या वेळी फोन करायचाच. ‘अजून आलेलं नाही’ हेसुद्धा उत्तर आहे.

वेळ चुकलीच, तर दिसताक्षणी फोन करा. रात्र झाली असेल तर आधी मेसेज, सकाळी फोन. पहिलं वाक्य असं: ‘साडेसहाला फोन करतो म्हटलं होतं, केला नाही, माफ करा.’ सर्व्हर, गर्दी, आधीचा एजंट, यांतलं काही सांगू नका. जुन्या ओळीतली वेळ खोडून नवी टाकू नका, कारण मग चूक रिपोर्टमधून गायब होते. जुनी ‘चुकली’ म्हणून बंद करा, नवी ओळ उघडा. उचलला नाही तर दोन तासांनी परत, मग मेसेज. नवी वेळ देताना रोस्टर.